दोन टॉवरमधली मोकळी जागा : प्रस्तावना

दुर्बिणीतून समोरचा टॉवर स्वच्छ दिसतो, तरीही मायक्रोवेव्ह लिंक अधूनमधून क्षीण होते. या शास्त्रात नव्याने येणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो इथेच. दोन अँटेनांना जोडणारी रेषा मोकळी असणे पुरेसे नसते, तिच्याभोवतीची लांबट जागाही मोकळी हवी. तिच्या सर्वांत आतल्या भागाला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेल (१७८८–१८२७) यांच्या नावाने पहिले फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. टेकडीच्या धारदार कड्याने रेषेला नुसता स्पर्श केला, तरी सुमारे ६ डेसिबल घट होते. म्हणजे शक्ती चौथाईवर येते.

एक हिशेब करून पाहू. समजा, टॉवरमधले अंतर ३० किलोमीटर, वारंवारता ६ गिगाहर्ट्झ आणि दोन्ही अँटेना समुद्रसपाटीपासून ६२० मीटरवर आहेत. नकाशावरून काढलेल्या उभ्या छेदात बरोबर मध्यावर ५८५ मीटरची टेकडी आहे आणि तिच्यावर १० मीटर उंच झाडे. रेषेखाली २५ मीटर जागा दिसते.

पण पृथ्वी गोल आहे. हवेमुळे लहरी किंचित खाली वळतात, म्हणून पृथ्वीची त्रिज्या ४/३ पट धरतात. तसे धरले तर मध्यावरचा फुगवटा १३.२ मीटर येतो आणि उरतात ११.८ मीटर. त्या ठिकाणी पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या १९.४ मीटर आहे. तिच्या ६० टक्के, म्हणजे ११.६ मीटर जागा मोकळी असली की अडथळ्याची घट जवळपास उरत नाही. लिंक काठावर उत्तीर्ण झाली.

मात्र हवा रोज सारखी नसते. काही वेळा लहरी उलट वर वळतात. तेव्हा त्रिज्येचा गुणक ४/३ वरून २/३ पर्यंत उतरू शकतो. मग फुगवटा २६.५ मीटर होतो, झाडांचे शेंडे रेषेच्या दीड मीटर वर जातात आणि लिंक अडते. अशा वेळी सिग्नल सावकाश खाली येतो आणि बराच वेळ खालीच राहतो. अनेक मार्गांनी आलेल्या लहरींमुळे पडणारे खड्डे सहसा खोल असले, तरी झटपट भरून येतात. नोंदींच्या आलेखात दोन्हींतला फरक बहुतेक वेळा ओळखता येतो.

या स्थितीतही ६० टक्के जागा हवी असेल, तर दोन्ही अँटेना सुमारे १३ मीटर उंच न्याव्या लागतील. एकच उंच करायची, तर सुमारे २६ मीटर, कारण मध्यावर तिचा निम्माच लाभ मिळतो.

छेदावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २००० साली अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीवरून संगणकाने छेद काढला असेल, तर त्या उंचीत दाट झाडी काही अंशी आधीच मिसळलेली असते आणि टोकदार माथे सरासरीत बुटके होतात. म्हणून संगणकाने दाखवलेल्या सर्वांत अडचणीच्या बिंदूवर स्वतः जाऊन झाडांची उंची मोजावी आणि मगच टॉवरची उंची ठरवावी.