नेवाशाचं काय करायचं?

कार्ल यास्पर्सने १९४९ मध्ये मांडलं, की इ.स.पूर्व ८०० ते २०० दरम्यान चीन, भारत, इराण, पॅलेस्टाइन आणि ग्रीस इथली माणसं, एकमेकांची फारशी खबर नसताना, जगण्याबद्दल मुळातले प्रश्न विचारू लागली. हे ‘अक्षीय युग’.

पण सहाशे वर्षं म्हणजे ‘एकाच वेळी’? आपलं नगर शहर १४९० मधलं, त्यालाही अजून तेवढी झालेली नाहीत! शिवाय जरथुष्ट्राला अनेक अभ्यासक इ.स.पूर्व १००० च्याही मागे नेतात. मग इराण निसटतं.

आणि नेवासं? ज्ञानेश्वरी १२९० ची. यास्पर्सचं उत्तर तयार असतं: नंतरची जागृती जुन्याच ठिणगीकडे वळते, ज्ञानेश्वरीही गीतेवरच आहे. यान आसमान इथेच अडवतो. ग्रंथ लिहून जपले, त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या टीका लिहिल्या, म्हणून तो काळ आपल्याला ‘अक्ष’ दिसतो. म्हणजे तो अक्ष थोडा नेवाशातही घडला.