कोळसा वय सांगतो, गेरू सांगत नाही

१/ कोल्हापूरच्या जांभ्या दगडाला लाली देणारे लोहाचे ऑक्साइड हेच गेरूचेही रंगद्रव्य. वि. श्री. वाकणकरांनी १९५७ साली शोधलेल्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांतील अनेक प्राणी गेरूनेच रंगविलेले आहेत. खडा दगडावर घासून पूड करावी, ती पाण्यात कालवावी, की रंग तयार.

२/ फ्रान्समधील शोवे गुहेच्या गर्द अंधारात मात्र घोडे व गेंडे पाइनच्या कोळशाने रेखाटलेले आहेत. त्यातील कार्बन-१४ मोजल्यावर ते सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीचे ठरले. गेरूत कार्बन नसल्याने लाल चित्राचे वय असे काढता येत नाही.

३/ तरीही कोळसा लाकडाचे वय सांगतो, चित्राचे नव्हे. चित्रकाराने गुहेत पडलेला जुना कोळसा उचलला असेल, तर चित्र प्रत्यक्षाहून प्राचीन ठरते.