सामू-बफर प्रश्न : आम्लबलाचा तक्ता गहाळ असताना

सौम्य आम्लाचे बल त्याच्या विचरण स्थिरांकाने, म्हणजेच पाण्यात त्याचे रेणू किती प्रमाणात आयनांत विभागतात हे सांगणाऱ्या Ka या संख्येने मोजले जाते. ही मूल्ये प्रश्नासोबतच्या चित्रातील तक्त्यात असतील आणि नंतर ते चित्र वगळले गेले असेल, तर प्रश्न अपुरा दिसतो. मात्र त्याचा कोणता भाग खरोखर अडतो, हे पुढील संबंधावरून ठरवता येते.

pH = pKa + log([A⁻]/[HA])

यात pKa म्हणजे Ka चा ऋण लॉगरिदम, HA म्हणजे आम्ल आणि A⁻ म्हणजे त्याच्या क्षारातून मिळणारा ऋण आयन होय. आम्ल व क्षार यांचा असा जोड सामूतील बदल रोखून धरतो, म्हणून त्या द्रावणास बफर म्हणतात.

समजा, एक लिटर द्रावणात 0.10 मोल अ‍ॅसेटिक आम्ल आणि 0.15 मोल सोडिअम अ‍ॅसिटेट आहे. येथे गुणोत्तर 1.5 व त्याचा लॉगरिदम 0.18 येतो, म्हणजे सामू pKa पेक्षा 0.18 ने अधिक आहे, एवढे तक्त्याविनाही निश्चित होते. त्यात 0.02 मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले (आणि आकारमान बदलले नाही असे मानले), तर तेवढ्याच अ‍ॅसिटेटचे आम्ल होऊन 0.13 मोल क्षार व 0.12 मोल आम्ल उरते, लॉगरिदम 0.035 होतो आणि सामू सुमारे 0.14 ने घटतो. या वजाबाकीत pKa निघून जात असल्यामुळे ‘सामू किती बदलेल’ या प्रश्नाला तक्ता लागतच नाही. विद्यार्थी बहुधा हेच विसरतात. मात्र Ka सुमारे 10⁻² असलेल्या आम्लांना हे लागू नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या विचरणाने आम्ल व क्षार यांचे घातलेले प्रमाणच बदलते.

प्रत्यक्ष सामू विचारला असेल, तर Ka हवाच. आम्लाचे नाव प्रश्नात असल्यास 25 अंश सेल्सिअसचे प्रचलित मूल्य घेता येते : अ‍ॅसेटिक आम्लासाठी 1.8×10⁻⁵, म्हणजे pKa 4.74, आणि उत्तर 4.92. फॉर्मिक आम्लाचे मूल्य 1.8×10⁻⁴ असल्याने केवळ घातांक चुकला तरी उत्तर एका एककाने सरकून 3.92 होते, आणि आकडेमोड निर्दोष असल्यामुळे ही चूक सहसा ध्यानात येत नाही. छापील उत्तर उपलब्ध असेल, तर त्यातून 0.18 वजा करून मूळ तक्त्यातील pKa परत मिळवता येतो व कोणते मूल्य अभिप्रेत होते ते पडताळता येते. पुस्तकागणिक हे मूल्य किंचित वेगळे असते, म्हणून दुसऱ्या दशांशस्थळातील फरक चूक मानू नये.

‘तक्त्यातील कोणते आम्ल 5 सामूच्या बफरसाठी योग्य?’ या प्रश्नात ज्याचा pKa 5 च्या सर्वांत जवळ ते आम्ल निवडायचे असते. पर्यायांत खरी नावे असतील तर निवड करता येते, पण HX, HY अशी काल्पनिक आम्ले असतील तर तक्त्याविना तो प्रश्न सुटत नाही आणि तेथे मूल्ये कल्पून उत्तर देणे चुकीचे ठरते.