मोळी, खूण आणि पहिली नजर

कामाच्या ताणावरचा लेख छापायचा ठरला की संपादकाच्या टेबलावर चित्राचे दोन-तीन कच्चे आराखडे येतात, आणि बहुतेक वेळा त्यांतली निवड ‘हे भिडते’ आणि ‘हे भिडत नाही’ एवढ्यावर उरकते. चित्रकाराला त्यातून काहीच हाती लागत नाही. का भिडले नाही, हे त्याला कळले तर तो पुढचा आराखडा वेगळा काढेल. हे पुस्तक त्या ‘का’चा शोध घेते. चित्रकार, संपादक, कलाशिक्षक आणि लेखाआधी चित्र पाहणारे वाचक, अशा सर्वांचे या अभ्यासात स्वागत आहे. आत शिरण्यासाठी चित्र काढता यायलाच हवे असे नाही. आपण काय पाहिले ते प्रामाणिकपणे सांगता आले की पुरे.

लेखाबरोबरच्या चित्राकडून दोन अपेक्षा असतात. त्यातले रूपक चटकन कळावे आणि ते ताजे वाटावे. या दोन अपेक्षा एकमेकींच्या आड येतात, असा समज आपल्याकडे घट्ट आहे: कळायला सोपे म्हणजे वापरून गुळगुळीत झालेले, आणि नवे म्हणजे कोड्यात टाकणारे. माझे मत वेगळे आहे. चित्र चटकन कळते ते त्यातल्या वस्तू ओळखीच्या असल्यामुळे. ते ताजे वाटते ते त्या वस्तूंच्या जोडणीमुळे. म्हणून परीक्षण करताना वस्तू आणि जोडणी वेगवेगळ्या तपासायला हव्यात.

शि. द. फडणीस यांचे ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावरचे गाजलेले चित्र आठवा. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर उंदरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची. चित्रात एक शब्द नाही. माणसे, कपडे, उंदीर, मांजर यांतले काहीच अनोळखी नाही. पण नक्षीतल्या प्राण्यांचे नाते माणसांच्या नात्यावर येऊन बसते आणि हसू फुटते. वस्तू एका क्षणात कळतात, नाते त्यानंतरच्या क्षणात. या दुसऱ्या क्षणाला किती अवकाश द्यायचा, हाच चित्रकाराचा खरा निर्णय असतो.

पहिला क्षण किती लहान असतो, याचा अंदाज मेरी पॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत केलेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून येतो. चित्रांची मालिका भरभर दाखवली आणि एकेक चित्र फक्त 13 मिलिसेकंद डोळ्यांपुढे राहिले, तरी सांगितलेल्या वर्णनाचे चित्र त्यात होते की नव्हते, हे लोकांना निव्वळ अंदाजापेक्षा अधिक वेळा ओळखता आले. पण तिथे ओळखायचे होते ते साधे दृश्य. ‘अमुक गोष्ट तमुक गोष्टीसारखी आहे’ हे उमगण्याची बाब त्या प्रयोगात नव्हती. त्यामुळे ‘वाचक अर्ध्या सेकंदात पान उलटतो’ असे म्हणून चित्रकाराकडून संपूर्ण अर्थ अर्ध्या सेकंदात मागणे अन्यायाचे आहे. त्या अवधीत वस्तू कळाव्यात आणि ‘इथे काहीतरी जुळवलेले आहे’ असा खटका बसावा, एवढे मागता येते.

चित्ररूपकांचे अभ्यासक चार्ल्स फोर्सव्हिल यांनी 1996 च्या आपल्या ग्रंथात जाहिरातींतली रूपके उलगडताना तीन साधे प्रश्न लावले. कशाबद्दल बोलले जात आहे? ते कशाच्या रूपात दाखवले आहे? आणि त्या रूपातले कोणते गुण इकडे आणायचे आहेत? आपल्या कामात तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि घाईत तोच सुटतो.

कामाचा ताण हा विषय गेल्या काही वर्षांत चित्रांनी फार झिजवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामातून येणाऱ्या पूर्ण थकव्याची कामाच्या संदर्भातली घटना म्हणून नोंद घेतली. आज कोणत्याही भाषेतले मासिक उघडले तरी त्याच त्या प्रतिमा भेटतात: जळून काळी पडलेली काडी, शेवटची लाल पट्टी उरलेली बॅटरी, डोक्यातून निघालेला रेघांचा गुंता, फायलींच्या ढिगाखालचा माणूस, घड्याळाच्या काट्याला लटकलेला माणूस. आराखडा पाहण्याआधी परीक्षकाने विषयाचे नाव घेऊन मनात येणाऱ्या पहिल्या प्रतिमा कागदावर उतरवाव्यात. आराखडा त्या यादीतला निघाला तर तो लगेच बाद होत नाही, पण नेहमीच्या प्रतिमेत नवे काय जोडले हे सिद्ध करण्याचे ओझे आता चित्रकारावर येते.

आता एक उदाहरण सावकाश पाहू. हे चित्र मी या प्रस्तावनेपुरते कल्पिले आहे. त्यामागचे वास्तव मात्र खरे आहे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावांच्या परिसरातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरली जाते आणि तोडीचा दर टनावर ठरतो. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो, त्याचा दंड हिशोबात लागतो. तोडलेल्या उसाची मोळी बायका डोक्यावर घेतात आणि फळीवरून गाडीत चढवतात. गाडी रात्री आली तर रात्री भरावी लागते. या जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला 2019 मध्ये समिती नेमावी लागली. कामाच्या ताणाविषयी मराठीत बोलायचे तर ऑफिसातल्या खुर्चीइतकाच हा फडही विषयात येतो.

समजा, अशा स्त्रीविषयीच्या लेखासाठी दोन आराखडे आले. पहिल्यात तिचे शरीर हीच बॅटरी आहे आणि तळाशी एक लाल पट्टी उरली आहे. हे चित्र उमापुरातही तत्काळ कळेल, कारण लाल पट्टी प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे. वेगाच्या कसोटीला ते पूर्ण उतरते. आता चित्र तसेच ठेवून मथळा बदलून पाहा: ‘परीक्षेचा ताण’, ‘डॉक्टरांची रात्रपाळी’, ‘घर आणि नोकरी’. चित्र सगळ्यांखाली सारखेच बसते. याचा अर्थ त्यातली जोडणी या बाईविषयी काहीच सांगत नाही. फोर्सव्हिल यांचा तिसरा प्रश्न लावला की याहून मोठा दोष दिसतो. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली की भरते. इथे रात्री गाडी येते. शिवाय बॅटरी संपणे ही बॅटरीच्या आत घडणारी गोष्ट आहे, आणि या बाईच्या थकव्याचे कारण तिच्या बाहेर, उचलीच्या हिशोबात आहे. चित्र जुने आहे हे तर खरेच, पण त्याहून गंभीर म्हणजे ते वाचकाला चुकीच्या कारणाकडे नेते.

दुसऱ्या आराखड्यात ती मोळी घेऊन फळीवर चढते आहे आणि मोळीतले ऊस शाळेत शिकलेल्या ताळ्याच्या खुणांसारखे मांडले आहेत: चार उभे आणि पाचवा त्यांच्यावर तिरपा. मोळीही ओळखीची, खुणाही ओळखीच्या, जोडणी मात्र नवी. डोक्यावरचे वजन म्हणजे मोजलेले दिवस.

हे चित्र फोनच्या पडद्यावर दिसेल एवढे लहान करून, मथळा झाकून, दोन-तीन सेकंद दाखवावे आणि झाकावे. विचारायचे ते फक्त ‘काय काय दिसले?’. ‘कळले का?’ असे कधीही विचारू नये. आपल्याकडे माणसे समोरच्याचे मन राखण्यासाठी ‘छान आहे’ म्हणतात आणि तपासणी तिथेच संपते. पहिले उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे. मग चित्र पुन्हा दाखवून ‘हे कशाबद्दल असावे?’ असे विचारावे. दहा-बारा माणसे पुरतात. त्यांच्यातून टक्केवारी काढता येत नाही, पण वारंवार होणारे चुकीचे वाचन हाती लागते.

आपल्या आराखड्यात असे चुकीचे वाचन कुठे होईल? उसाला पेरे नीट दाखवली नाहीत, तर उभ्या रेघा गज वाटतील आणि उत्तर येईल ‘तुरुंग’. ऊस बरेच काढले तर लहान आकारात त्यांचा करडा पट्टा होईल आणि लोक ‘कुंपण’ म्हणतील. पाचच ऊस काढले तर खूण स्वच्छ वाचता येईल, पण पाच उसांचे ओझे कुणाला जड वाटणार? मी चित्रकाराला पाच-पाच उसांच्या तीन जुड्या सुचवेन: जाड ऊस, स्पष्ट पेरे, वर हिरवे वाढे, जुड्यांमध्ये मोकळी जागा. मग वजन उसाच्या संख्येतून येणार नाही. ते मानेच्या रेषेतून आणि वाकलेल्या फळीतून आणावे लागेल.

मथळा बदलण्याची कसोटी इथेही लावू. ‘परीक्षेचा ताण’ या मथळ्याखाली हे चित्र बसत नाही, हे चांगले. पण ‘यंदा उसाचे विक्रमी गाळप’ याखाली ते फार आरामात बसते! खुणा उत्पादनाच्या होतात आणि बाई यशाची मानकरी ठरते. हा धोका बॅटरीच्या चित्रात नव्हता. नव्या जोडणीची वाट अजून मळलेली नसते, म्हणून तिला दिशा द्यावी लागते. इथे ती दिशा मानेने आणि नजरेने द्यायची आहे. बाई समोर पाहत असेल तर मोळी अभिमानाची होईल. पायाखालची फळी पाहत असेल तर ती ओझ्याची राहील.

आता शेवटची हरकत, आणि ती पुण्यापेक्षा उमापुरातून येण्याची शक्यता जास्त. टोळीचा हिशोब टनांवर असतो आणि मुकादमाच्या वहीत असतो. दिवस मोजले जातात ते खाड्यांचे. मग या खुणा कोण करतो आहे? एक उपाय म्हणजे जुडीत एका उसाची जागा रिकामी ठेवणे, म्हणजे ती खाड्याची खूण होईल. कल्पना वस्तुस्थितीला अधिक धरून आहे, पण लहान आकारात ती रिकामी जागा कुणाच्या लक्षात येणार नाही आणि पहिल्या क्षणाचा खटकाच हरवेल. मी खुणा पूर्ण ठेवेन आणि त्या तिच्या स्वतःच्या मानेन: घर सोडल्यापासून परतीपर्यंतचे दिवस. हा अर्थ चित्र एकट्याने पोचवू शकणार नाही. त्यासाठी मथळ्यात दिवसांचा उल्लेख हवा, आणि म्हणून मथळा व चित्र एकत्र बसूनच ठरवायला हवेत. प्रूफाच्या शेवटच्या फेरीत मथळा बदलला गेला, तर चित्र नव्या मथळ्यासह पुन्हा दाखवावे आणि उत्तरे नव्याने लिहून घ्यावीत.