बॅग बेल्टवर आलीच नाही? आधी बोर्डिंग पासमागचं स्टिकर बघा

विमानात सामान देताना काउंटरवरची व्यक्ती तुमच्या बॅगेच्या हँडलला एक लांब पट्टी गुंडाळते आणि तिचाच छोटा तुकडा बोर्डिंग पासच्या किंवा पासपोर्टच्या मागे चिकटवून देते. बहुतेकांचा तो तुकडा टॅक्सीत बसेपर्यंत चुरगळलेला असतो. बॅग मिळाली तर त्याचा काही उपयोगही नसतो. पण बॅग आली नाही, तर ती शोधायला सगळ्यात आधी तोच तुकडा लागतो.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा हे देशभर दिसलं. अनेकांच्या बॅगा आत गेल्या होत्या आणि प्रवासी बाहेर होते. शेवटी प्रवाशांपासून ताटातूट झालेल्या बॅगा ४८ तासांत शोधून पोचवा, असा आदेश केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला द्यावा लागला. अशा ढिगात ‘माझी काळी ट्रॉली बॅग’ हे वर्णन निरुपयोगी ठरतं. उपयोगी पडतो तो नंबर.

तो नंबर कसा वाचायचा आणि बॅग आली नाही तर काय करायचं, हे एका घरच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

मावशीच्या दोन बॅगा, आली एकच

माझी मावशी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते. लंडनहून आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलून ती मुंबईला येत होती. पहिलं विमान उशिरा पोचलं, त्यामुळे दुसरं विमान तिने धावतपळत गाठलं. मुंबईत बेल्टवर लाल बॅग आली, काळी आली नाही. बेल्ट थांबल्यावर तिचा फोन आला, “अगं, माझी काळी बॅग आलीच नाही. इथला माणूस म्हणतोय, उद्या येईल, घरी जा.”

मी तिला म्हटलं, “मावशी, तू हॉलमधून बाहेर पडू नकोस. आधी स्टिकर बघ.”

स्टिकर दोन होते आणि दोन्हींवर तिचंच नाव होतं. मग काळ्या बॅगेचा नंबर कोणता? स्टिकरवर बॅगेचा रंग छापलेला नसतो. यावर सोपा उपाय आहे. जी बॅग मिळाली, तिच्या हँडलवरच्या पट्टीचा नंबर बघायचा आणि तो नंबर असलेला स्टिकर बाजूला ठेवायचा. उरलेला स्टिकर हरवलेल्या बॅगेचा. म्हणूनच सगळं सामान मिळेपर्यंत आलेल्या बॅगेची पट्टी फाडायची नाही.

कुटुंबासोबत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. अनेकदा सगळ्यांच्या बॅगांचे स्टिकर एकाच्याच बोर्डिंग पासवर चिकटवले जातात. हरवलेल्या बॅगेच्या स्टिकरवर ज्याचं नाव आहे, तक्रार त्याच्या नावाने नोंदवावी लागते.

टॅगवर काय काय लिहिलेलं असतं?

सगळ्यात ठळक दिसतात ती तीन अक्षरं. तो विमानतळाचा कोड असतो आणि ही बॅग शेवटी कुठे पाठवायची आहे, ते सांगतो. मुंबईसाठी `BOM`, पुण्यासाठी `PNQ`, दिल्लीसाठी `DEL`. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. त्याचा कोड `NMI` आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांसाठी आता दोन विमानतळ आहेत, त्यामुळे चेक-इन करतानाच `BOM` आहे की `NMI`, हे तपासा. वाटेत विमान बदलायचं असेल, तर मधल्या विमानतळाचा कोड आणि त्या विमानाचा नंबरही टॅगवर असतो.

परदेशातून दिल्लीमार्गे मुंबईला येत असाल, तर टॅगवर `BOM` असलं तरी बॅग साधारणपणे दिल्लीतच उतरवून घ्यावी लागते. भारतात जिथे पहिल्यांदा उतरता, तिथे कस्टम्स पार करून ती पुन्हा द्यायची असते. काही उड्डाणांसाठी वेगळी सोय असते, म्हणून चेक-इनलाच विचारा, “बॅग मला कुठे घ्यायची आहे?” मुंबईच्या बेल्टवर वाट बघणाऱ्या काहींची बॅग दिल्लीच्या बेल्टवर फिरत असते, त्याचं हेच कारण.

आता बारकोडखालचा दहा अंकी नंबर. समजा तो असा आहे:

```
0098214215
```

पहिला अंक टॅगचा प्रकार सांगतो. नेहमीच्या टॅगवर तो बहुधा `0` असतो. पुढचे तीन अंक विमान कंपनीचे. `098` म्हणजे एअर इंडिया, `312` म्हणजे इंडिगो, `176` म्हणजे एमिरेट्स. शेवटचे सहा अंक तुमच्या बॅगेचे. काही स्टिकरवर हाच नंबर `AI 214215` असा, म्हणजे कंपनीची दोन अक्षरं आणि शेवटचे सहा अंक, असा छापलेला असतो. नंबर तोच आहे, गोंधळू नका.

बॅगेचा प्रवास या नंबरवरच चालतो. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा ७५३ क्रमांकाचा ठराव जून २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कंपनीने बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवायची असते: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानासाठी सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. म्हणून काउंटरवर “बॅग कुठे आहे?” असं मोघम विचारण्यापेक्षा “या नंबरचं शेवटचं स्कॅन कुठे झालं?” असं विचारा. मावशीच्या बॅगेचं शेवटचं स्कॅन आखातातल्या विमानतळावर झालं होतं. म्हणजे बॅग हरवली नव्हती, विमान बदलताना मागे राहिली होती.

हॉलमधून बाहेर पडण्याआधी

आधी आजूबाजूला नीट बघा. मोठं किंवा वेड्यावाकड्या आकाराचं सामान वेगळ्या ठिकाणी येतं. बेल्टवरून उतरवलेल्या बॅगा बाजूला रांगेत ठेवलेल्या असतात. तुमच्या बॅगेसारखीच दिसणारी एखादी बॅग बेल्टवर एकटीच फिरत असेल, तर तिचा टॅग वाचा. कदाचित तिचा मालक तुमची बॅग घेऊन गेला असेल.

तरीही बॅग नसेल, तर विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर जाऊन पीआयआर, म्हणजे ‘प्रॉपर्टी इररेग्युलॅरिटी रिपोर्ट’, बनवून घ्या. तोंडी आश्वासनावर निघू नका. एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असतील, तर सहसा शेवटच्या कंपनीकडे ही नोंद होते. पीआयआरचा नंबर असा दिसतो:

```
BOMXX10427
```

पहिली तीन अक्षरं नोंद झालेल्या विमानतळाची, पुढची दोन कंपनीची (इथे `XX` धरली आहेत) आणि पुढचे पाच अंक तुमच्या तक्रारीचे. ही नोंद ‘वर्ल्डट्रेसर’ या जगभरच्या यंत्रणेत जाते. मालक सापडत नसलेल्या बॅगांच्या नोंदींशी तिथे ती जुळवून पाहिली जाते. हा नंबर आणि आडनाव टाकून कंपनीच्या वेबसाइटवर तुम्हालाही स्थिती बघता येते.

पट्टी फाटून पडली असेल, तर मात्र वर्णनावरच शोध चालतो. काउंटरवर बॅगांच्या चित्रांचा तक्ता दाखवतात. त्यातून रंग आणि आकार निवडायचा असतो, उदाहरणार्थ काळ्यासाठी `BK`. काळ्या बॅगा शेकडो असतात, म्हणून आतली एखादी वेगळी वस्तू सांगा. ‘कपडे’ नको, ‘निळ्या डब्यात चकलीचा सोऱ्या’ असं सांगा. बॅगेच्या आत नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद असेल, तर शोध फार सोपा होतो.

कागद हातात आला की चार गोष्टी तपासा: टॅगचे सगळे अंक, आडनावाचं तिकिटावरचं स्पेलिंग, फोन नंबर आणि पत्ता. परदेशातून आला असाल तर आणखी एक काम आहे. बॅग आली नसल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र घ्या आणि ड्यूटी-फ्री सवलतीतला किती भाग वापरायचा राहिला, याची त्यावर कस्टम्स अधिकाऱ्याकडून नोंद करून सही घ्या. नंतर येणारी बॅगही कस्टम्समधूनच सुटते, तेव्हा हा कागद लागतो. बॅगेला कुलूप असेल तर किल्ली किंवा कोड मागितला जाऊ शकतो.

पत्त्यात ‘कोपरी’ एवढंच लिहू नका

मावशीची बॅग दुसऱ्याच दिवशी मुंबईत आली. पण ती घेऊन निघालेला गाडीवाला पोचला कोपरखैरण्याला. आपल्या भागात कोपरखैरणे आहे, डोंबिवलीजवळ कोपर आहे आणि वाशीजवळही एक कोपरी आहे. मावशीच्या पीआयआरवर फक्त ‘कोपरी’ लिहिलं होतं. तिथे ‘ठाणे पूर्व, ४००६०३’ आणि जवळची खूण लिहिली असती, तर बॅग तिसऱ्या दिवसावर गेली नसती.

बॅग आली तेव्हा तिच्यावर नवीन टॅग होता आणि त्याचा नंबर `2` ने सुरू होत होता. मावशी घाबरली, “हा नंबर तर माझा नाही!” पण मागे राहिलेली बॅग प्रवाशाशिवाय पुढे पाठवताना तिला ‘रश टॅग’ लावतात, त्याचा हा अंक. त्यामुळे तुमचा जुना स्टिकर रद्द होत नाही, तो जपूनच ठेवा. सही करण्याआधी कुलूप, चेन आणि वजन बघा.

पैसे किती आणि कधीपर्यंत?

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारतही त्यात आहे. बॅग फाटली किंवा आतलं काही फुटलं, तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. बॅग उशिरा आली, तर ती ताब्यात मिळाल्यापासून २१ दिवसांत. आणि बॅग यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवसांत आलीच नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. पीआयआर म्हणजे फक्त नोंद. भरपाईची मागणी वेगळी, लेखी करायची.

२८ डिसेंबर २०२४ पासून करारातली मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे. रुपयांत ही रक्कम ढोबळमानाने पावणेदोन ते दोन लाख होते. देशांतर्गत प्रवासात मर्यादा २०,००० रुपये आहे. या कमाल मर्यादा आहेत, ठरलेली रक्कम नव्हे. बॅगा दोन हरवल्या तरी मर्यादा प्रवाशामागे एकच असते. म्हणून मधल्या दिवसांत घेतलेले कपडे, औषधं, चार्जर यांची बिलं ठेवा. दागिने आणि रोख रक्कम चेक-इन बॅगेत टाकूच नका.

कंपनीने दाद दिली नाही, तर मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करता येते, त्यापुढे ग्राहक आयोग आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

मावशीला भरपाई मिळाली ती दोन दिवसांच्या औषधांची आणि कपड्यांची, बिलं होती तेवढ्याचीच. आता ती चेक-इन झालं की हँडलवरच्या पट्टीचा नंबर दिसेल असा बॅगेचा फोटो काढते आणि घरच्या ग्रुपवर टाकते. दोन बॅगा असल्या तर दोन फोटो. त्यामुळे कोणता नंबर कोणत्या बॅगेचा, हे पुन्हा शोधावं लागत नाही.