हर्निया, बेंबीचा व जुन्या टाक्यांचा

पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून चरबी किंवा आतडे त्वचेखाली येणे म्हणजे हर्निया (अंतर्गळ). तो बेंबीत किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणात होऊ शकतो. खोकताना फुगवटा वाढतो, आडवे झाल्यावर बहुधा आत जातो.

बालकांतील बेंबीचा हर्निया बहुतेकदा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बुजतो. प्रौढांत तो बुजत नाही. तरी फुगवटा लहान, न दुखणारा व सहज आत जाणारा असेल, तर शल्यविशारदाच्या देखरेखीखाली थांबता येते. व्रणातील हर्नियाचा मात्र हळूहळू मोठा होण्याकडे कल असतो.

साधारण एक सेंटिमीटरहून मोठ्या छिद्राला नुसते टाके घातल्यास हर्निया परतण्याची शक्यता जास्त असते. म्हणून जाळी बसवतात. छिद्र दोन सेंटिमीटरचे असेल व जाळी चहूकडे तीन सेंटिमीटर पुढे ठेवायची असेल, तर आठ सेंटिमीटरची जाळी लागते.

फुगवटा आत न जाणे, कडक होऊन सतत दुखणे, त्यावरील त्वचा लाल-काळी पडणे, उलट्या होणे, शौच व वायू थांबणे ही आतडे अडकून रक्तपुरवठा तुटत असल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी फुगवटा दाबू नये, काही खाऊ-पिऊ नये. पनवेल परिसरातील रुग्णाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय ताबडतोब गाठावे.