चार तारांची गोष्ट

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी एकदा एक मीटर तांब्याची तार मोजायला घेतली होती. जाडी एक चौरस मिलिमीटर. पुस्तकाप्रमाणे तिचा रोध सुमारे ०.०१७ ओहम यायला हवा होता. मल्टिमीटरने दाखवला ०.२! तार खराब नव्हती. मीटरच्या दोन लीड्स प्रत्येकी सुमारे ०.१ ओहमच्या होत्या. म्हणजे मी मुख्यतः त्याच मोजत होतो.

हीच अडचण दीडशे वर्षांपूर्वी ग्लासगोच्या विल्यम थॉमसनपुढे होती. पुढे तो लॉर्ड केल्व्हिन झाला. समुद्राखालच्या तारायंत्र केबलींचा तो काळ. १८५७ साली त्याला दिसलं, की वेगवेगळ्या कारखान्यांचं तांबं दिसायला सारखं असलं तरी वीज सारखी वाहून नेत नाही. तांबं पारखायचं तर तारेच्या छोट्या तुकड्याचा रोध अचूक मोजायला हवा. व्हीटस्टनचा ब्रिज मोठ्या रोधांना उत्तम. पण इथे जोडतारा आणि स्क्रूचे सांधेच तुकड्यापेक्षा जड पडत.

१८६१च्या सुमारास थॉमसनने तोडगा काढला: वीज सोडायच्या जागा वेगळ्या, व्होल्टेज बघायच्या जागा वेगळ्या.

माझ्याच तारेवर करून बघू. बाहेरच्या दोन लीड्समधून १ अँपिअर सोडला. त्या लीड्समध्ये प्रत्येकी ०.१ व्होल्ट खर्च होतो, होऊ दे. आतल्या बाजूला, तारेवरच, व्होल्टमीटरच्या दोन लीड्स टेकवल्या. त्यांना फक्त मधल्या भागाचे १७ मिलिव्होल्ट दिसतात. भागिले १ अँपिअर, म्हणजे ०.०१७ ओहम.

पण या आतल्या लीड्सनाही रोध आहेच की! आहे. मात्र व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध १ कोटी ओहम असल्याने त्यांच्यातून जेमतेम १.७ नॅनोअँपिअर वाहतो. ०.१ ओहममध्ये तो किती व्होल्टेज खाणार? नॅनोव्होल्टच्याही आत. लीडचा रोध नाहीसा होत नाही. त्याला गुणायला प्रवाहच उरत नाही.

थॉमसनकडे असा व्होल्टमीटर नव्हता. त्याने व्होल्टेजच्या टोकांना मोठे रोध जोडले, म्हणजे सांध्यांचा चिमूटभर रोध त्यांत बुडून जातो. नमुना आणि प्रमाण रोध यांना जोडणाऱ्या दुव्याचा घोळ मात्र उरत होता. त्यासाठी त्याने त्याच गुणोत्तराची दुसरी जोडी लावली. ती दुव्यावरचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात वाटते, आणि दुवा हिशेबातून बाद होतो. म्हणून हा ‘डबल ब्रिज’.

दोन गोष्टी मी चुकून शिकलो. आतली क्लिप बाहेरच्या क्लिपवरच लावली, तर सांध्याचा रोध पुन्हा आकड्यात शिरतो. क्लिप दाबल्यावर आकडा हलला की समजावं. दुसरी, वेगळ्या धातूंचे सांधे कमीजास्त गरम असतील तर प्रवाहाशिवायही काही मायक्रोव्होल्ट दिसतात. प्रवाह उलटा करून पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकड्यांची, चिन्ह सोडून, सरासरी घ्यायची. ही चूक मात्र चार ताराही काढू शकत नाहीत.